आर-एल-सी सिरीज रेझोनन्स: कागदावर क्यू १० येतो, टेबलावर ५ सुद्धा भरत नाही, असं का?

खालची सगळी उत्तरं एकाच सर्किटभोवती फिरतात: १०० मिलिहेन्रीची कॉइल, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर. तिन्ही एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत आणि फंक्शन जनरेटर त्यांना साइन वेव्ह देतोय. हे आकडे मुद्दाम सोपे घेतलेत, म्हणजे गणित तोंडी करता येईल आणि लक्ष चुकतं कुठे याकडे राहील.

रेझोनन्सला सर्किटमध्ये नेमकं काय होतं?

सिरीज जोडणीत तिन्ही भागांतून एकच करंट वाहतो, म्हणून सगळ्यांची तुलना त्या करंटशी करायची. रेझिस्टरवरचं व्होल्टेज करंटच्या बरोबरीने चालतं. कॉइलवरचं पाव फेरा पुढे असतं आणि कपॅसिटरवरचं पाव फेरा मागे. एक पाव पुढे, दुसरं पाव मागे, म्हणजे ही दोन व्होल्टेजेस कुठल्याही क्षणी एकमेकांच्या बरोबर विरुद्ध असतात.

आता वारंवारिता वाढवत न्या. कॉइलचा विरोध वाढतो, कपॅसिटरचा घटतो. कुठल्यातरी एका वारंवारितेला दोन्ही सारखे होतात आणि त्यांची व्होल्टेजेस एकमेकांना पूर्ण खोडतात. जनरेटरला समोर फक्त रोध दिसतो, करंट सर्वात जास्त होतो आणि जनरेटरच्या व्होल्टेजशी एका तालात येतो. हाच रेझोनन्स, मराठी पुस्तकांतला अनुनाद.

कॉइल आणि कपॅसिटर नाहीसे झाले, असं मात्र समजू नका. खोडली जाते ती दोघांची बेरीज. एकट्या कपॅसिटरवर त्याच वेळी जनरेटरच्या कितीतरी पट व्होल्टेज असू शकतं. त्याबद्दल पुढे येईलच.

रेझोनन्सची वारंवारिता कशी काढायची?

दोन्ही विरोध सारखे ठेवले की सूत्र आपोआप निघतं:

2πf₀L = 1/(2πf₀C), म्हणून f₀ = 1/(2π√(LC))

आपल्या सर्किटमध्ये L = 0.1 H आणि C = 10⁻⁷ F. गुणाकार 10⁻⁸, त्याचं वर्गमूळ 10⁻⁴. म्हणजे कोनीय वारंवारिता ω₀ झाली सेकंदाला १०,००० रेडियन. तिला 2π ने भागलं की १५९२ हर्ट्झ.

इथे दोनच चुका पुन्हा पुन्हा होतात. एक म्हणजे मायक्रो किंवा मिली विसरणं. दुसरी जास्त फसवी: १०,००० हाच आकडा हर्ट्झ समजून जनरेटर तिथे लावणं. मग १० किलोहर्ट्झच्या आसपास कितीही शोधलं तरी शिखर सापडत नाही. उत्तर तपासायचं असेल तर त्या वारंवारितेला दोन्ही विरोध वेगवेगळे काढा. आपल्याकडे कॉइलचा १००० ओहम येतो आणि कपॅसिटरचाही १००० ओहम. जुळले, तर उत्तर बरोबर. हा १००० ओहमचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच सगळीकडे लागणार आहे.

गणितात १५९२ आलं, पण शिखर १५२० च्या आसपास दिसतंय. काय चुकलं?

बहुतेक वेळा काहीच नाही. भागांवर छापलेली किंमत नेमकी नसते. कपॅसिटर १० टक्क्यांनी जास्त भरला तर f₀ वर्गमुळाच्या हिशोबाने जवळपास ५ टक्के खाली येते, म्हणजे १५१७ हर्ट्झला. कॉइल आणि कपॅसिटर दोन्ही एकाच दिशेने १० टक्के चुकले तर शिखर १४४७ पासून १७६८ पर्यंत कुठेही पडू शकतं. एलसीआर मीटर असेल तर जोडण्याआधी दोन्ही मोजून घ्या. नसेल तर शिखर जिथे सापडेल ती f₀ खरी माना आणि पुढचा हिशोब तिच्यावरच करा.

कॉइल लोखंडी गाभ्याची असेल तर आणखी एक गंमत दिसते. जनरेटरचं व्होल्टेज वाढवलं की शिखर जागेवरून सरकतं. गाभ्याचे गुण करंटप्रमाणे बदलतात, त्याबरोबर L बदलतं आणि f₀ सुद्धा. व्होल्टेज निम्मं करून पुन्हा शोधा. शिखर हललं तर दोष गाभ्याचा.

क्यू फॅक्टर म्हणजे काय?

कॉइल आणि कपॅसिटर ऊर्जा एकमेकांकडे टोलवत राहतात आणि प्रत्येक फेऱ्यात रोध त्यातली थोडी उष्णतेत उडवतो. साठलेली ऊर्जा भागिले एका फेऱ्यात गमावलेली ऊर्जा, गुणिले 2π, म्हणजे क्यू. पुस्तकात याला गुणवत्ता गुणांक म्हणतात. सिरीज सर्किटमध्ये ही व्याख्या सोडवली की हाती येतं:

Q = ω₀L/R = (1/R)√(L/C)

म्हणजे त्या लक्षात ठेवलेल्या १००० ओहमला रोधाने भागायचं. रोध १०० ओहम, म्हणून क्यू १०.

प्रयोगात हाच क्यू वक्राच्या अणकुचीदारपणातून दिसतो. करंट शिखराच्या 0.707 पट होतो त्या दोन वारंवारिता, शिखराच्या अलीकडची f₁ आणि पलीकडची f₂. त्यांच्यातलं अंतर म्हणजे बँडविड्थ आणि Q = f₀/(f₂ − f₁). 0.707 का, तर करंट तेवढा झाला की शक्ती बरोबर निम्मी होते. क्यू १० असेल तर बँडविड्थ १५९ हर्ट्झ यायला हवी.

मग मोजल्यावर ३४२ हर्ट्झ का येते?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. याचं उत्तर न शोधता वहीत "मोजमापातील त्रुटी" असं लिहून मोकळं होणारे बरेच असतात. दुपटीहून जास्त फरकाला त्रुटी म्हणत नाहीत.

सूत्रातला R म्हणजे तुम्ही ब्रेडबोर्डवर खोचलेला रेझिस्टर नव्हे. करंटच्या वाटेत जिथे जिथे ऊर्जा उडते त्या सगळ्याची ती बेरीज आहे. कॉइल म्हणजे बारीक तारेचे शेकडो वेढे. ती सर्किटमधून सोडवून मल्टिमीटर लावा, समजा ६० ओहम दिसले. फंक्शन जनरेटरच्या आतही रोध असतो, बहुतेक जनरेटरमध्ये ५० ओहम, आणि तो तुमच्या करंटच्या वाटेतच बसलेला असतो. बेरीज करा: १०० + ६० + ५० = २१० ओहम. क्यू झाला १०००/२१० = ४.७६, बँडविड्थ ३३४ हर्ट्झ. ३४२ च्या जवळ आलो की नाही?

उरलेला थोडा फरकसुद्धा शोधता येतो. रेझोनन्सला कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांना खोडतात, त्यामुळे जनरेटरचं सगळं व्होल्टेज फक्त रोधांमध्ये वाटलं जातं. जनरेटर सर्किटपासून सुटा करून त्याचं व्होल्टेज मोजा, समजा १.०० व्होल्ट. मग जोडा, शिखरावर आणा आणि १०० ओहमवरचं व्होल्टेज वाचा. ०.४६५ व्होल्ट आलं, तर एकूण रोध १००/०.४६५ = २१५ ओहम. मल्टिमीटरने दाखवलेल्यापेक्षा ५ ओहम जास्त. हे बहुधा कॉइलच्या गाभ्यात आणि तारेत एसीमुळे होणारे नुकसान, डीसीवर चालणाऱ्या ओहममीटरला ते दिसत नाही. आता क्यू १०००/२१५ = ४.६५ आणि बँडविड्थ १५९२/४.६५ = ३४२ हर्ट्झ. हिशोब लागला.

जनरेटरच्या पडद्यावरचा आकडा मात्र या हिशोबात घेऊ नका. बऱ्याच जनरेटरमध्ये तो ५० ओहमचा भार जोडलाय असं धरून दाखवलेला असतो आणि सुट्या टोकांवर प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट व्होल्टेज असतं.

बँडविड्थ मोजायची नीट पद्धत कोणती?

जोडणीचा क्रम असा ठेवा: जनरेटर, कॉइल, कपॅसिटर, आणि शेवटी ग्राउंडला लागून रेझिस्टर. ऑसिलोस्कोप रेझिस्टरवर. तिथलं व्होल्टेज करंटच्या प्रमाणात असतं, म्हणून करंटचा वक्र तिथेच मिळतो.

आधी शिखर शोधा. शिखराचा माथा सपाट असतो, नुसत्या उंचीवरून नेमकी जागा सापडत नाही; दहा-वीस हर्ट्झ इकडे-तिकडे केलं तरी आकडा जेमतेम हलतो. म्हणून उंचीपेक्षा फेजवर विसंबा. एका चॅनलवर जनरेटर, दुसऱ्यावर रेझिस्टर लावून स्कोप एक्स-वाय मोडवर टाका. रेझोनन्सपासून दूर लंबवर्तुळ दिसतं आणि बरोबर f₀ ला ते मिटून एक तिरकी रेघ होते. ही रेघ पाच-सहा हर्ट्झच्या फरकालाही फाकलेली कळते.

शिखर ०.४६५ व्होल्टचं, तर 0.707 पट म्हणजे ०.३२९ व्होल्ट. वारंवारिता कमी करत हा आकडा येईपर्यंत जा: १४३० हर्ट्झ. मग शिखर ओलांडून वरच्या बाजूला: १७७२ हर्ट्झ. वजाबाकी ३४२. या दोन जागांच्या आसपास दर २० हर्ट्झला नोंद घ्या. दूरवर १०० हर्ट्झच्या उड्या मारल्या तरी चालतात. सगळीकडे समान अंतराने नोंदी घेणारे नेमक्या उपयोगाच्या जागी उपाशी राहतात.

f₁ आणि f₂ च्या बरोबर मध्ये f₀ येत नाही. वाचन चुकलं का?

नाही. १४३० आणि १७७२ ची सरासरी १६०१ येते, १५९२ नाही. पण दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा: १५९२. वक्राची समरूपता गुणोत्तराची आहे, वजाबाकीची नाही. वारंवारिता दुप्पट केली किंवा निम्मी केली, तर करंट दोन्हीकडे सारखाच घटतो. क्यू मोठा असला की फरक इतका बारीक होतो की दिसतही नाही. आपला क्यू लहान, म्हणून दिसला.

प्रत्येक वेळी जनरेटरचं व्होल्टेज पुन्हा सारखं करायचं की नाही?

दोन्ही चालतं, पण उत्तरं वेगळी येतात आणि गोंधळाचं हे दुसरं मोठं कारण. सर्किट जोडलेलं असताना जनरेटरच्या टोकांवर स्कोप लावून बघा. रेझोनन्सपासून दूर तिथे जवळपास १ व्होल्ट असतो. रेझोनन्सला आलात की तो ०.७७ पर्यंत खाली बसतो, कारण करंट वाढला आणि आतल्या ५० ओहमवर जास्त व्होल्टेज पडलं.

नॉबला हात न लावता नोंदी घेतल्या तर ५० ओहम हिशोबात राहतात आणि क्यू ४.६५ येतो. प्रत्येक वारंवारितेला नॉब फिरवून टोकांवरचं व्होल्टेज तेवढंच ठेवलं, तर जनरेटरचा रोध हिशोबातून सुटतो. उरले १६५ ओहम, क्यू ६.०६ आणि बँडविड्थ २६३ हर्ट्झ. दोन गटांचे निकाल जुळत नसतील आणि भाग तेच असतील, तर कोणी नॉब फिरवला हे आधी विचारा.

कपॅसिटरवर जनरेटरपेक्षा जास्त व्होल्टेज कसं येतं? ऊर्जा कुठून आली?

रेझोनन्सला करंट १/२१५ अँपिअर, म्हणजे ४.६५ मिलिअँपिअर. तो १००० ओहमच्या कपॅसिटरमधून जातो, म्हणून तिथे ४.६५ व्होल्ट. जनरेटर १ व्होल्टचा, कपॅसिटरवर त्याच्या क्यू पट. कॉइलवरही साधारण तेवढंच, उलट दिशेने.

ऊर्जा फुकट मिळालेली नाही. सर्किट चालू केल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत जनरेटर थोडी थोडी ऊर्जा साठवत नेतो. झोपाळ्याला दर वेळी तालात हलका धक्का दिला की झोका वाढत जातो तसं. एका फेऱ्यात जेवढी उडते तेवढीच जनरेटर देतो अशी वेळ आली की वाढ थांबते.

प्रयोगशाळेत हे मजेचं आहे. मोठ्या व्होल्टेजला नाही. २४ व्होल्टचा सप्लाय आणि क्यू १० असेल तर कपॅसिटरवर २४० व्होल्ट, आणि लाटेचा माथा जवळपास ३४० व्होल्टचा. कपॅसिटरचं व्होल्टेज रेटिंग सप्लाय बघून निवडलं तर तो फुटू शकतो. ते क्यू बघून निवडायचं.

कपॅसिटरवरचं शिखर करंटच्या शिखराच्या जागी का येत नाही?

करंटचं शिखर बरोबर f₀ ला असतं, रोध कितीही असो. कपॅसिटरवरचं व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले कपॅसिटरचा विरोध, आणि तो विरोध खालच्या वारंवारितेला मोठा असतो. त्यामुळे गुणाकाराचं शिखर किंचित खाली सरकतं: f₀√(1 − 1/(2Q²)), आपल्या सर्किटमध्ये १५७३ हर्ट्झ. कॉइलचं तेवढ्याच गुणोत्तराने वर, १६१० च्या आसपास. म्हणून f₀ शोधताना नेहमी रेझिस्टरवर मोजा. क्यू 0.707 किंवा त्याहून कमी असेल तर कपॅसिटरवर शिखर येतच नाही.

कपॅसिटरवर स्कोप लावला आणि सगळंच बिघडलं. का?

कपॅसिटर मधोमध असताना तुम्ही प्रोबची ग्राउंड क्लिप त्याच्या एका टोकाला लावली असणार. स्कोपचं ग्राउंड आणि बहुतेक जनरेटरचं ग्राउंड आतून एकच असतं, म्हणून क्लिप लावताच रेझिस्टर शॉर्ट झाला. ज्या भागावर मोजायचंय तो भाग ग्राउंडच्या बाजूला हलवा. सिरीज सर्किटमध्ये क्रम बदलला तरी करंट बदलत नाही.

मल्टिमीटरने मोजलं तर चालेल?

मीटरची पुस्तिका बघा. पुष्कळ साध्या मल्टिमीटरची एसी अचूकता ४०० हर्ट्झपर्यंतचीच दिलेली असते. १५९२ हर्ट्झला ते आकडा दाखवतात, पण वारंवारितेप्रमाणे चूक बदलत जाते आणि वक्र एका बाजूला कलतो. स्कोप असताना मल्टिमीटर फक्त कॉइलचे ओहम मोजायला वापरा.

सगळा वक्र न काढता क्यू लवकर कळतो का?

जनरेटरवर साइनऐवजी स्क्वेअर वेव्ह लावा, ५० हर्ट्झसारखी संथ. कपॅसिटर ग्राउंडच्या बाजूला घेऊन स्कोपवर बघा. प्रत्येक कडेनंतर व्होल्टेज नव्या पातळीभोवती झुलत झुलत विरतं. लागोपाठच्या दोन माथ्यांची उंची त्या नव्या पातळीपासून मोजा. प्रत्येक झुलणं मागच्याच्या साधारण e^(−π/Q) पट असतं. आपल्या क्यूला ते जवळपास निम्मं येतं: १, मग अर्धा, मग पाव. माथे निम्म्याने घटताना दिसले की क्यू साडेचारच्या आसपास, आणि आधीचं मोजमाप बरोबर होतं याची दुसऱ्या वाटेने खात्री पटते. क्यू फार मोठा किंवा एकच्या खाली असेल तर ही युक्ती तितकी कामाची नाही. एकीकडे घट डोळ्याला कळत नाही, दुसरीकडे मोजायला माथेच उरत नाहीत.

क्यू वाढवायचा असेल तर काय बदलायचं?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे १०० ओहमचा रेझिस्टर काढून १० ओहमचा लावणं. तो फक्त करंट मोजायला आहे. एकूण रोध १२५ वर येतो आणि क्यू ८ होतो. मोजायचं व्होल्टेज मात्र ०.४६५ वरून ०.०८ वर उतरतं, तेवढं वाचता यायला हवं.

दुसरा मार्ग सूत्रातून सुचतो: L चौपट, C पाव. गुणाकार तोच, f₀ तीच, पण १००० ओहमचे ४००० झाले. मग क्यू चौपट व्हायला हवा. होत नाही. त्याच गाभ्यावर L चौपट करायचं तर वेढे दुप्पट लागतात. तेवढ्याच जागेत दुप्पट वेढे बसवायचे तर तार निम्म्या क्षेत्रफळाची घ्यावी लागते. लांबी दुप्पट, क्षेत्रफळ निम्मं, म्हणून तारेचा रोधही चौपट होतो, आणि गाभ्यातलं नुकसानही साधारण त्याच प्रमाणात वाढतं. कॉइलचे ६५ ओहम २६० होतात. जुन्या १०० ओहमच्या रेझिस्टरसह बेरीज ४१०, क्यू ९.८. चौपट नाही, दुपटीहून थोडा जास्त, आणि तो फायदाही जनरेटर आणि रेझिस्टर यांचे १५० ओहम तेवढेच राहिले म्हणून.

रेझिस्टर आणि जनरेटर दोन्ही शून्य झाले असं धरलं तर उरते एकटी कॉइल: १०००/६५ किंवा ४०००/२६०, दोन्हीकडे १५.४. त्या गाभ्यावर आणि त्या जागेत गुंडाळलेल्या कॉइलची ही कमाल मर्यादा. त्यापुढे जायचं तर कॉइलच बदलावी लागते: मोठा गाभा, जाड तार, किंवा कमी नुकसानीचं फेराइट.